जिन्याबद्दलच्या पाच ओळी

या कानडी शहरात, इंदिरानगरातल्या एका हॉलमध्ये मी दर रविवारी मुलांना मराठी लिहायला शिकवते. आठवडाभर शाळेत तिसरीच्या वर्गावर असते, रविवारी इथे. आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असतो, त्या दिवशी मुलांचे परिच्छेद भिंतीवर लागतात. आईवडील फोटो काढतात, गावी पाठवतात.

ते परिच्छेद मुलांचे नसत. विषय त्यांचा, अक्षर त्यांचं, वाक्यं माझी. लाल पेनने मी इतकं दुरुस्त करायचे की मूळचं जेमतेम उरायचं. मग मुलांकडून ते कोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचे. मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं. लोक "मुलं काय छान लिहितात हो तुमची" म्हणायचे, ते मला हवं असायचं. यंदापर्यंत हे मी घरातही बोलले नव्हते.

गेल्या वर्षी लांबच्या के. आर. पुरमहून येणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीचा परिच्छेद तिची आई भिंतीसमोर उभी राहून मोठ्याने वाचत होती. "'माझी सायकल म्हणजे माझी जिवाभावाची सखी.' किती क्यूट लिहिलंयस गं!"

"मी नाही लिहिलं," मुलगी म्हणाली.

"मग काय भुताने लिहिलं?" आई हसली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याच्या बशीत बघत राहिले.

त्यानंतर ती दोनच ओळी लिहायला लागली. विषय कुठलाही द्या, दोन ओळी लिहून पेन्सिल खाली. आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "लक्ष नसतं तिचं. घरी सराव घ्या थोडा." त्या माउलीने रोज संध्याकाळी तिच्याकडून एकेक पान उतरवून घ्यायला सुरुवात केली. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि दोष मी मुलीवर ढकलला होता.

यंदा कार्यक्रमाच्या आधी आई मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "ताई, या प्रोग्रॅमपर्यंत बघते. नाहीतर मराठी बंद. तिला जमत नाहीये, तर उगाच दर रविवारी सिग्नलला अडकून का बसायचं?"

त्या संध्याकाळी मी ठरवलं. यंदा कुठल्याच कागदाला लाल पेन लागणार नाही.

पुढच्या रविवारी मुलं लिहायला बसायच्या आधीच मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. सगळं एकाच गोष्टीबद्दल आहे का? दिसेल, ऐकू येईल, वास येईल असं काही सांगितलंय का? एका वाक्यानंतर दुसरं का आलं ते कळतं का? शेवट केलाय का? प्रत्येक प्रश्नाला उत्तरं तीनच: छान जमलं, जमलं, अजून थोडं. बाकी गुण नाहीत, नंबर नाहीत. शुद्धलेखन यात धरायचं नाही. सगळ्यांची मिळून जी चूक जास्त दिसेल तेवढीच नंतर वर्गात घ्यायची. विषय होता, माझी आवडती जागा.

मुलं गेल्यावर मी आणि अक्का तपासायला बसलो. अक्का आमच्या दुसऱ्या शिक्षिका. त्यांचं घराणं इथे कितीतरी पिढ्यांचं, घरी मराठीच, पण त्यांची स्वतःची, कानडी वळणाची. आधी दोघींनी वेगवेगळं तपासायचं, मग ताडून बघायचं असं ठरलं होतं. त्या मुलीचा कागद आला. पाच ओळी होत्या.

'माझी आवडती जागा आमचा जिना आहे. तिकडे थंड असते. खालच्या अज्जीच्या घरातून सांबारचा वास येते. मी तिकडे स्वल्प वेळ बसते. कोण आले तर मी सरकते.'

खरं सांगते, हात शिवशिवला. 'येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी नम्रपणे वाट करून देते' हे वाक्य डोक्यात तयारही झालं होतं. मी पेन पर्समध्ये टाकलं आणि पेन्सिल घेतली.

उत्तरं कागदावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची होती. तिच्या चिठ्ठीवर अक्कांनी चारही ठिकाणी 'अजून थोडं' लिहिलं होतं. "वास येते म्हणे! ऐकवत नाही गं."

"अक्का, 'येते' आपल्या कुठल्या प्रश्नात बसतं?"

"कुठल्याच नाही."

"जिना सोडून ती कुठे गेलीये?"

"नाही गेली."

"वास?"

"सांबारचा. मला भूक लागली ते वाचून." त्यांनी खोडरबर घेतलं. "सरी, बरं. पहिल्या दोन्हीला छान जमलं. तिसऱ्याला जमलं. पण शेवट? सरकते, आणि? गाडी मधेच थांबली की ही."

ते बरोबर होतं. दया म्हणून चांगला शेरा देणं हाही माझाच जुना खेळ झाला असता. चौथ्यापुढे 'अजून थोडं' राहिलं. खाली मी लिहिलं, 'कोण आले तर मी सरकते, हे वाचताना मला तू जिन्यावर दिसलीस. सरकल्यावर काय होतं?' एक आवडलेलं, एक पुढचं. तेवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही कागद लावत होतो. सेक्रेटरी काका आले, चष्मा वर करून वाचू लागले.

"मॅडम, हे कच्चं आहे ना? पाहुणे येतायत. फेअर करून घ्या की."

"हेच लागणार."

"निदान ते कानडी 'स्वल्प' तरी? लोक म्हणतील, बाजारातली मराठी शिकवता."

"स्वल्प तुमच्या पोथीतलाच शब्द हो," अक्का शिडीवरून म्हणाल्या. "आम्ही नुसता जपून ठेवला."

काका हसले, पण हटले नाहीत. "मंडळाचं नाव आहे, मॅडम. गेल्या वर्षी काय सुंदर लिहिलं होतं मुलांनी!"

"ते मी लिहिलं होतं, काका. दरवर्षी मीच लिहिते." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "यंदा मुलांनी लिहिलंय. शेजारी ते चार प्रश्न लावतेय, म्हणजे काय बघायचं ते लोकांना कळेल. कुणाला काय मिळालं ते नाही लावणार. ते ज्याचं त्याच्याकडे. आणि हे चालत नसेल तर वर्गाला दुसरं कुणी बघा."

काकांनी चष्मा खाली घेतला. मग दिव्यांचं बघायला निघून गेले.

मागे वळले तर ती मुलगी आणि तिची आई दारात उभ्या होत्या. आईने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे सायकलचं…"

"माझं होतं. ती खरं बोलत होती. लक्ष नसतं म्हणाले, तेही खोटं. तिचा परिच्छेद मी तिच्याकडून काढून घेतला, म्हणून तिने लिहायचं सोडलं."

"आणि मी वर्षभर तिला पानं उतरवायला लावली." आईचा चेहरा लाल झाला होता. "तेव्हाच का नाही बोललात?"

मी मुलीचा कागद भिंतीवरून काढला.

मी मुलीसमोर खाली बसले. "गेल्या वर्षी भिंतीपाशी तू विचारल्यासारखं बघितलं होतंस. मी गप्प बसले. चुकलं माझं." मग कागद आणि ती चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने चारही उत्तरं वाचली. 'अजून थोडं'वर बोट ठेवलं. खालची ओळ ओठ हलवत वाचली.

"तुम्ही पुन्हा लिहिणार यावर?"

"नाही. तू म्हणशील तर असंच लावते."

"नका लावू."

आई म्हणाली, "बघितलंत?"

"सरकल्यावरचं राहिलंय," मुलगी म्हणाली. "पेन्सिल द्या."

ती भिंतीला टेकून, गुडघ्यांवर कागद घेऊन बसली. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लागत होत्या. काका घाईघाईने आले, भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाले, "हे काय?"

"ती लिहितेय अजून," मी म्हणाले.

आई तिच्या खांद्यावरून डोकावायला पुढे झाली. मी आईचा हात धरला. "थांबा. झालं की ती दाखवेल."

आईने हात झटकून सोडवून घेतला. पण पुढे गेली नाही.