भोजराजचं वेळापत्रक

बालाघाटच्या त्या खोलीत धानाच्या कोंड्याचा वास यायचा. मागे राईस मिल होती. त्र्यंबकला अजूनही कुठे तसा वास आला, की भोजराज दिसतो. जमिनीवर मांडी घालून बसलेला, पेन्सिल कानावर.

खोली त्र्यंबकच्याच घराची होती, मागच्या अंगणातली. भोजराज रामपायलीहून आला आणि भाड्यानं राहिला. त्र्यंबक साहित्यात बी.ए. झालेला, भोजराज अर्थशास्त्रात एम.ए. करणारा. विद्यापीठानं त्याच वर्षी एम.ए.ला सेमिस्टर लावलं होतं. पहिली परीक्षा डिसेंबरात. म्हणजे ऐन धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत.

भोजराजचा मोठा भाऊ डोमाजी बसनं येऊन सांगून गेला. वडील नव्हते, घर त्याच्यावर होतं.

"यंदा मी एकटा चुरतो," तो म्हणाला. "पास झालास त शिक. नाई झालास त घरी ये. दोन्ही कामं अर्धीअर्धी नाई होत, भोज्या."

"हौ दादा," भोजराज म्हणाला. एवढंच.

सगळ्यात भीती सांख्यिकीच्या पेपरची होती. बाकीच्या विषयांना दुपार-संध्याकाळ ठेवून त्यानं सकाळ सांख्यिकीला दिली. पाच युनिटं. पण वर्षानुवर्षं कॉलेजात चालत आलेली रीत अशी होती, की दहातले कोणतेही पाच प्रश्न सोडवायचे, म्हणून नावडते धडे 'ऑप्शनमध्ये' टाकायचे. भोजराजनंही तिसरं आणि पाचवं युनिट टाकून दिलं. तिसऱ्यातला सहसंबंध त्याच्या डोक्यात शिरत नव्हता आणि पाचव्याला वेळ नव्हता. उरलेल्या तीन युनिटांचं वेळापत्रक कच्चं तयार झालं.

"तुयं अक्षर चांगलं हाय. मोठ्या कागदावर उतरवून दे ना बे," तो त्र्यंबकला म्हणाला.

उतरवताना प्रत्येक युनिटाचं पूर्ण नाव हवं म्हणून त्र्यंबकनं अभ्यासक्रमाची हिंदी पुस्तिका उघडली. प्रत्येक इकाईपुढे, म्हणजे युनिटापुढे, कंसात गुण छापले होते. शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक ओळ होती : हर इकाई से एक प्रश्न करना अनिवार्य होगा. पर्याय होता, पण त्याच युनिटाच्या आत.

त्यानं ती ओळ वाचून दाखवली.

"पुन्हा वाच," भोजराज म्हणाला.

त्र्यंबकनं पुन्हा वाचली. टाकलेल्या दोन युनिटांचे मिळून चाळीस गुण होते. तिसऱ्याचेच तीस, सगळ्यांत जास्त.

भोजराज शिव्या देईल, कपाळ धरेल, असं त्र्यंबकला वाटलं. पण भोजराजनं कच्चा कागद फाडला आणि नवा घेतला.

"किती सकाळी हायेत आपल्याजवळ?"

"वीस."

"शंभर गुण, वीस सकाळी. पाच गुणाले एक सकाळ." तो लिहू लागला. पहिल्या युनिटाला पंधरा गुण, तीन सकाळी. दुसऱ्याला पंचवीस, पाच. तिसऱ्याला सहा, चौथ्याला चार, पाचव्याला दोन.

"झालं की," त्र्यंबक म्हणाला.

"नाई झालं. बोडीचं म्हंजे तळ्याचं पाणी धानाले सोडतो ना आमी, त जवळची बांधी लवकर भरते. दूरच्या बांधीले जास्त वेळ द्या लागते. दुसरं युनिट मले जवळचं हाय, येतेच. त्याच्या दोन सकाळी काढतो."

"आणि?"

"एक तिसऱ्याले. एक शेवटी ठेवतो, सगळ्या युनिटांचे प्रश्न लिहून पाहाले."

"आणि तरीही तिसरं नाही आलं तर?"

"त सोपा प्रश्न तरी येईन. कोरा त नाई राहीन."

त्र्यंबक त्याच्याकडे पाहत राहिला. कवितेच्या ओळीवर तासभर बोलू शकणाऱ्या त्याला असा हिशेब कधी सुचला नव्हता.

भोजराज तिसऱ्या युनिटापासूनच सुरू झाला. पहिले दोन दिवस नुसती खोडाखोड झाली. तिसऱ्या सकाळी तो अंगणात येऊन म्हणाला, "दाण्याचा भाव अन् तेलाचा भाव संगं वाढते, तेच हाय हे. उगाच घाबरत होतो." चहा पिता पिता त्यानं वैनगंगेच्या पुराचं न् बाजारातल्या मासळीचंही उदाहरण सांगितलं. ते त्र्यंबकला समजलं नाही, पण त्यानं मान हलवली.

निकाल कॉलेजच्या भिंतीवर लागला. भोजराजला सांख्यिकीत अठ्ठावन्न. बाकीचे पेपरही निघाले. बरोबरच्या कितीतरी मुलांनी युनिटं टाकली होती, ती तिथं पुन्हा पुन्हा आपला नंबर शोधत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं रामपायलीला गेले. एकट्यावर काम पडल्यानं डोमाजी अजूनही खळ्यावर धान उफणत होता. अंगभर भुसा.

"किती?" त्यानं सूप खाली न ठेवता विचारलं.

"अठ्ठावन्न."

"शंभरातले?"

"हौ."

"म्हणजे पास?"

"पास, दादा." भोजराजनं खिशातून घडी केलेला वेळापत्रकाचा कागद काढून दाखवला.

डोमाजीनं सूप ठेवलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"पुढल्या परीक्षेचा असा कागद आधी मले वाचून दाखवजो," तो म्हणाला. "वावरातलं काम त्याच्या हिशोबानं ठेवू."