किसनच्या लेकीचं निवेदन

१९६२ची दिवाळी आम्ही नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, एका डोंगरावर काढली. मी लान्स नाईक, सिग्नलचा वायरलेस ऑपरेटर. गाव दिग्रस. बाप जिनिंगमध्ये फिटर. माझं नाव शेख बाबू. ज्या पायदळ कंपनीला मला जोडून दिलं होतं, तिथं यवतमाळ जिल्ह्याचा आणखी एकच माणूस होता. नाईक किसन वाठोरे, उमरखेडकडचा. पहिल्या दिवशी मी त्याला हिंदीत काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "कायले हिंदी झाडतं बे? दिग्रसचा हायस ना?" तिथून आमची गट्टी जमली.

दिनक्रम सांगतो. सकाळी स्टँड-टू, म्हणजे उजाडायच्या आधीच सगळे आपापल्या मोर्चात बंदूक घेऊन उभे. मग चहा, मग खोदकाम. जमीन दगडी, कुदळी कमी आणि अंगात सुती कपडे. संध्याकाळी रोल कॉल. पोस्टाची पिशवी खेचरांवर यायची, कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा.

दिवाळीनंतरच्या पिशवीत किसनला इनलँड लेटर आलं. त्याचा मेहुणा दादाराव याचं. किसनला थोडंफार वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावत बसायला धीर नव्हता, म्हणून त्यानं ते माझ्याकडं दिलं. दसऱ्याला मुलगी झाली होती. बाळ पायाळू. आधी एक पाय बाहेर आला. गावची सुईण गंगामाय म्हातारी बाई, शेकडो बाळंतपणं केलेली. तिनं पाय पाहिला आणि हात मागं घेतला. म्हणाली, "हे माह्याच्यानं नाही व्हायचं. उमरखेडले न्या. आत्ता न्या." दादारावनं बैलगाडी जुंपली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही पाय खाली घेतले, मग अंग, मग एकेक हात सोडवला. डोकं अडलं. नर्सनं वरून पोट दाबून धरलं, बाईंनी बाळाच्या तोंडात बोट घालून हनुवटी छातीशी आणली तेव्हा डोकं सुटलं. पोर रडेना. पाठ चोळली, नाकातोंडातलं पाणी काढलं, मग रडली. किसनचा बाप लखमाबाबा दवाखान्याच्या ओट्यावर अन्नपाण्यावाचून बसून होता. रडणं ऐकलं तेव्हा तो उठला.

मी वाचून संपवलं. किसन म्हणाला, "पुन्हा वाच." तीनदा वाचायला लावलं लेकानं.

आमच्या सुभेदारसाहेबांचा एक रिवाज होता. कोणाला मूल झालं की रोल कॉलला त्याला अॅम्युनिशनच्या पेटीवर उभं करायचं.

"नाईक किसन, रिपोर्ट!"

"एक लडकी, साब. माँ ठीक, बच्ची ठीक."

"वजन?"

"मालूम नहीं, साब. आवाज तगडी है."

अख्खी पलटण हसली. आता वाटायला मिठाई हवी. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, ही आपल्याकडची रीत. एक जण म्हणाला, गूळ वाट, चालतंय. किसन ऐकेना. लंगरमधून दुधाची पावडर आणि साखर मागून आणली, मेसटिनमध्ये, म्हणजे जेवणाच्या डब्यात, आटवली, थापली आणि संगिनीनं चौकोनी वड्या पाडल्या. खाली लागली होती. धुराचा वास येत होता. तशी बर्फी मी पुन्हा खाल्ली नाही.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. यवतमाळच्या एका साप्ताहिकात अशी जन्माची निवेदनं यायची, छोट्या चौकटीत. वकिलांची, व्यापाऱ्यांची. "मले तसं छापायचं हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, तू काय गिरणीमालक आहेस का? तर त्यानं बापाचं सांगितलं.

लखमाबाबाकडं पूर्वी गावकी होती. गावात कोणी मेलं की त्यानं मौतीचा सांगावा घेऊन गावोगाव जायचं. उन्हात, चिखलात, पायी. लोक त्याला वेशीबाहेरच थांबवायचे. तो तिथून ओरडून सांगायचा आणि परत फिरायचा. छप्पन साली त्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगाव्याची काठी मोडली. पुन्हा कोणाचा सांगावा नेला नाही.

"माह्या बापानं साऱ्या मुलखाच्या मौती पोचवल्या," किसन म्हणाला. "त्याच्या घरच्या जन्माची खबर कोनी पोचवली नाही. माह्या पोरीची खबर मुलखानं वाचली पायजे."

मी कागद काढला.

आठ-दहा ओळींचा मजकूर, पण आम्हाला दोन दिवस लागले. कोणाचं नाव राहिलं तर जन्मभराचा रुसवा. मी म्हटलं, "आमच्या घरी कन्यारत्न झालं" असं लिहितात. तो म्हणाला, "घरी कुठं झालं? दवाखान्यात झालं. खोटं कायले लिहू?" बायकोचं नाव घालायची तेव्हा पद्धत नव्हती, त्यानं घातलं. सुईणीचं नाव कोणी घालत नाही, म्हटलं. तर चिडला. "गंगामायनं हट्ट धरला असता तर दोघी गेल्या असत्या. तिचं पयले." कंपनी कमांडर साहेब सगळी डाक तपासायचे. मी त्यांना वाचून अर्थ सांगितला. त्यांनी पलटणीचं नाव आणि ठिकाण लाल पेन्सिलीनं खोडलं. "'भारतीय सेना' पुरेसं आहे," म्हणाले. माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत मी केली. किसननं खाली सही केली, जीभ दातात धरून. साप्ताहिकाचा पत्ता लिहिलेलं पाकीट मी खिशात ठेवलं. खेचरं आली की द्यायचं.

खेचरं आलीच नाहीत.

हल्ला उजाडताना झाला. आधी तोफा, मग माणसं. किसनचं सेक्शन पुढच्या टेकाडावर होतं, मी मागं कंपनी हेडक्वार्टरला सेटवर. टेलिफोनची तार पहिल्याच माऱ्यात तुटली. पुढची खबर फक्त वायरलेसवर. सेटवर आमचं नाव 'वन', टेकाडाचं 'थ्री'.

"वन, मी थ्री. ऑपरेटर गेला. नाईक किसन बोलतोय. ओव्हर."

"थ्री, किती जण आहात? ओव्हर."

"पाच. दारूगोळा कमी हाय. ओव्हर."

साहेबांनी कंपनीला मागं हटायचा हुकूम दिला. टेकाडावरच्यांनी गोळीबार चालू ठेवायचा, बाकीचे नाला ओलांडेपर्यंत. तो हुकूम मीच सेटवर सांगितला. किसननं तो शब्दशः परत म्हणून दाखवला, नियमाप्रमाणे. मग आवाज बदलला.

"बाबू, डाक गेली का? ओव्हर."

"नाही. माह्या खिशात हाय. ओव्हर."

वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं.

"मंग तू निघ," किसन म्हणाला. "आउट."

मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. टेकाडावरून गोळीबार मात्र चालू होता. आम्ही नाला ओलांडला तरी चालू होता. मग थांबला. त्या पाचांपैकी कोणी परत आलं नाही.

त्यापुढचं चालणं मला नीट आठवत नाही. बर्फानं डाव्या पायाची बोटं गेली. लष्करी दवाखान्यात पडलो असताना पाकीट उशाखाली होतं. तिथून पोस्टात टाकता आलं असतं. पण सही करणारा गेला होता. लखमाबाबाला न विचारता ते छापायला धाडायचं माझ्यानं झालं नाही.

संक्रांतीच्या सुमारास काठी टेकत उमरखेडला एसटीतून उतरलो आणि दादारावच्या गाडीनं किसनच्या गावात गेलो. किसन गेल्याची तार आधीच पोचली होती. किसनची बायको कौसल्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पोर. तिनं मला एकच विचारलं, "भाऊ, त्यायले कळलं होतं ना?"

"कळलं होतं, वहिनी. साऱ्या पलटणीले बर्फी वाटली त्यानं."

तिनं पदर तोंडात कोंबला. मीही रडलो. ढसाढसा रडलो, लाज कसली?

लखमाबाबाला मी मजकूर वाचून दाखवला. स्वतःच्या नावापाशी त्यानं हातानं थांबवलं. "मले लिवलं त्यानं?" मग उठला, पागोटं बांधलं. "चाल, बाबूभाई. यवतमाळले जाऊ."

साप्ताहिकाचे संपादक भले गृहस्थ होते. कागद वाचला, आम्हाला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "बाबा, मजकूर जुना झाला. आणि नावाआधी 'कैलासवासी' लावावं लागेल. त्यापेक्षा मी वीर जवान म्हणून पहिल्या पानावर घेतो. फोटो आहे का?"

बाबा म्हणाला, "त्याची मौत तुमी मंग छापा. हे त्यानं लिवलं तवा तो जित्ता होता. जसं हाय तसं छापा."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. मग कागद स्वतः कंपोझिटरकडं घेऊन गेले. त्यानं अक्षराचा एकेक खिळा उचलून जुळवणी केली, भोवती वेलबुट्टीची चौकट लावली, ओला कागद दाबून कच्चा छाप काढला. मी तपासला. बाबाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला, ओठ हलवत. मला वाटलं, दुःखानं करतोय.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं नवी काठी घेतली आणि घडी केलेला अंक छातीशी खोचला. मी दादारावच्या गाडीत मागून. सहा वर्षांनी म्हातारा पुन्हा त्याच जुन्या वाटेनं निघाला होता. पहिल्या गावाच्या वेशीपाशी त्याला पाहून एक बाई पाण्याची घागर खाली ठेवून उभी राहिली. पारावरचे लोक उठले. त्याला येताना पाहिलं की काय समजायचं हे त्या गावाला ठाऊक होतं.

"लखमा," एक म्हातारा वेशीतून ओरडला, "कोन गेलं रे?"

बाबा वेशीबाहेर थांबला नाही. सरळ आत गेला, पारापाशी उभा राहिला. अंक उघडून समोर धरला. उलटा धरला होता.

"गेलं नाही कोनी," तो म्हणाला. "आलं हाय. आयका."

आणि पाठ केलेला मजकूर त्यानं खड्या आवाजात म्हटला, एकही शब्द न चुकता.

"कन्यारत्न. उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात आम्हांस कन्या झाली. आई सौ. कौसल्या व बाळ सुखरूप आहेत. मुलगी पायाळू असल्याने प्रसंग कठीण होता. वेळेवर दवाखान्यात न्या म्हणणाऱ्या सुईण गंगामाय, दोघींचे प्राण वाचवणाऱ्या डॉक्टरीणबाई व नर्स, गाडी जुंपणारे मेहुणे दादाराव आणि उपाशी बसून राहिलेले आमचे वडील लक्ष्मणराव, या सर्वांचे आम्ही जन्माचे ऋणी आहोत. मुलीचे नाव संघमित्रा ठेवावे. मी रजेवर आलो की सर्वांनी तोंड गोड करण्यास यावे. आपला, नाईक किसन लक्ष्मण वाठोरे, भारतीय सेना."