चौदा तारे आणि एक काळा ढग

माझी मोठी नणंद कपडे शिवते. अमावस्या जवळ आली की मात्र तिची मशीन बंद, आणि स्वारी निघाली गावाबाहेरच्या माळावर. तिथे आकाशनिरीक्षण मंडळाची पत्र्याची खोली आहे, आत एक दुर्बीण. माळावर अंधार किती, याची वही गेली बावीस वर्षं तीच लिहिते.

अंधारालाही इयत्ता असतात, हे मला तिच्यामुळे कळलं. एक ते नऊ. पहिली म्हणजे अस्सल काळोख, नववी म्हणजे भर शहर, जिथे मोजके तारे दिसले तरी नशीब. तिचा माळ चौथीत. "सगळी पोरं वरच्या वर्गात जाऊ देत," ती म्हणायची, "माझा माळ तेवढा चौथीत नापास होत राहू दे."

यंदा जवळच्या रस्त्यावर नवे पांढरे दिवे लागले. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, माळ पाचवीत गेला, खोली तीन तासांवरच्या डोंगरावर हलवू.

"तीन तास?" नणंद म्हणाली. "माझे गुडघे पहिल्या वळणावरच उतरून परत येतील."

म्हणजे खोली गेली की तिचं आकाशही गेलं. उजेड मोजायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. ठरलं की नुसत्या डोळ्यांनी पाहून निकाल लावायचा.

माझी बारा वर्षांची लेक आत्याबरोबर निघाली, म्हणून मीही निघाले. तीन स्वेटर, औषधांचा डबा आणि मोठा टॉर्च घेतला. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून सगळे माळावर दिवे न लावता बसले होते. पंचवीस मिनिटं झाली असतील. लेकीच्या पायाशी काहीतरी सरपटलं असं वाटलं, आणि मी टॉर्च लावला.

"वहिनी!" सेक्रेटरी कळवळले. "आता पुन्हा अर्धा तास!"

सरपटत होती ती तिच्याच बुटाची नाडी. लेकीने टॉर्च जप्त केला आणि काचेला लाल कागद लावलेला स्वतःचा हातात दिला. लाल उजेडाने डोळे तितके बिघडत नाहीत म्हणे.

अर्ध्या तासाने मोजणी सुरू झाली. या दिवसांत डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो. चार कोपऱ्यांचे ठळक तारे सोडायचे आणि आतले मोजायचे. आमच्या गच्चीवरून दोन-तीन दिसतात. डझनभर किंवा जास्त दिसले तर आकाश चांगलं.

नणंदेने मान वर केली आणि तिसऱ्या सेकंदाला निकाल दिला. "चौदा. लिहा."

"आत्या, परत मोज ना."

"चौदा म्हणजे चौदा. गेल्या महिन्यातही चौदाच होते."

"गेल्या महिन्यात ढग नव्हता गं!"

आम्ही वर पाहिलं. कोपरे चारही जागेवर, पण मधोमध ढगाचा तुकडा. लेकीला सहाच दिसत होते, सेक्रेटरींनाही सहाच.

"ढग? कुठाय?" नणंद म्हणाली, आणि तिथेच तिची चोरी पकडली गेली. चार कोपऱ्यांखेरीज तिला काहीच दिसत नव्हतं. आतला एकेक तारा तिला पाठ होता. तो दिसतोय असंच तिला वाटत होतं, की वाटून घेत होती, देव जाणे.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "म्हणजे वहीतल्या नोंदी..." आणि ते मध्येच थांबले. "पोरी, तो ढग कसा दिसतोय तुला?"

"काळा. शाई सांडल्यासारखा."

"आणि गावाच्या बाजूचे?"

"ते पिवळट."

सेक्रेटरींनी पुन्हा वर पाहिलं. हरायची त्यांना सवय नव्हती. तरी त्यांनीच समजावलं: उजेडाने बिघडलेल्या आकाशात डोक्यावरचा ढगही खालून उजळतो, आकाशापेक्षा पांढुरका दिसतो. तो काळा दिसतोय म्हणजे उजेड अजून इथवर पोचलेला नाही. थोड्या वेळाने ढग सरकला. लेकीने चौदा मोजले. सेक्रेटरींनी तेरा, आणि चष्मा पुसून चौदा.

"खोली इथेच राहील," ते म्हणाले. "माळ चौथीतच आहे. वहीवालीचं बघावं लागेल."

"मोतीबिंदू आहे," नणंद पुटपुटली. "डॉक्टर आठ महिन्यांपूर्वीच म्हणाले होते."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत!" मी ओरडले.

"तू औषधांचा डबा घेऊन राहायला आली असतीस."

घरी आल्यावर तिने वहीतल्या त्या आठ महिन्यांच्या नोंदी खोडल्या नाहीत. प्रत्येकीसमोर लाल पेन्सिलीने लिहिलं, 'पाठांतर'.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आज दोघी पुन्हा माळावर गेल्या. मला टॉर्चसकट घरी ठेवून. फोन करायचा नाही अशी ताकीद आहे, पडद्याच्या उजेडाने त्यांचा अर्धा तास वाया जातो. दीड वाजला. मी दोनदा दाराची कडी पाहून आले.

आत्ताच लेकीचा निरोप आला: "मोजून झालं. माझे चौदा. आत्याचे अकरा, आणि ती नाचतेय."