दहा तासांचा फरक

ग्लेनिस ट्रेवॅरो हिने उभ्या आयुष्यात एकही यंत्र दुरुस्त केले नव्हते. यंत्रे बिघडल्यानंतर काय घडले ते सांगणे एवढेच तिचे काम होते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरल्या लॉन्सेस्टन शहराच्या आरोग्यसेवेत ती तेवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांची टिपणे टंकलिखित करायला लागली. तीन पुनर्रचना, चार संचालक आणि पाच बोधचिन्हे तिने पाहिली. प्रत्येक पुनर्रचनेत तिचे पद बदलले, टेबल मात्र जिन्याखालचे तेच राहिले. गेली नऊ वर्षे ती माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या बिघाडांचे अहवाल वरिष्ठांना समजतील अशा भाषेत एका पानावर आणत असे.

एका पानाचा हा नियम फिलिपा रॉथवेल या संचालिकेचा होता. पानावर चार चौकटी असत: काय कधी घडले, मूळ कारण, परिणाम आणि पुन्हा घडू नये म्हणून करायचे उपाय. दुसरे पान आले तर फिलिपा ते न वाचता परत पाठवी. ग्लेनिसला या नियमाचा तिरस्कार होता, आणि तो पाळण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही याचा अभिमानही होता. एकोणीस पानांतली चरबी काढून ती असे पान तयार करी की ते शाळकरी मुलालाही कळावे. ते वाचणाऱ्यांची मजल तेवढीच आहे, असे ती जेवणाच्या सुट्टीत उघड म्हणे.

जुलैमधल्या एका मंगळवारी प्रयोगशाळेचे निकाल दवाखान्यांकडे जायचे थांबले. रक्ताचे, लघवीचे असे एक हजार आठशे साठ निकाल प्रयोगशाळेत तयार होऊन पडले होते आणि उत्तर टास्मानियाभरचे डॉक्टर कोऱ्या पडद्याकडे पाहत होते. अतितातडीचे निकाल प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे फोनवर कळवले, म्हणून कोणाच्या जिवावर बेतले नाही. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्या तिघांना त्या दिवसाची मात्रा उशिरा समजली, एवढेच.

कारण साधे होते. प्रयोगशाळा आणि दवाखाने यांच्यातला दुवा एका डिजिटल प्रमाणपत्रावर चालतो. समोरचे यंत्र खरेच आपले आहे, याची ती ओळख. त्याला मुदत असते, आणि ती मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला संपली. साठ, तीस आणि सात दिवस आधी नूतनीकरणाची स्मरणपत्रे आली होती, पण ती रोझलिन नावाच्या बाईंच्या पत्त्यावर गेली. रोझलिनचे पद चौदा महिन्यांपूर्वीच रद्द झाले होते आणि तिची टपालपेटी बंद होती. प्रमाणपत्रांची सामाईक नोंदवही असावी, ही विभागाची मागणी वरिष्ठांनी दोनदा पुढे ढकलली होती.

दुरुस्ती केली ती पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून आलेल्या फेलेटी हाफोका या अभियंत्याने. त्या आठवड्यात बिघाड होताच केव्हाही हजर व्हायला, हाकेला बांधलेला तोच होता. तो तीन-तीन महिन्यांच्या करारावर काम करी. चार वर्षे झाली तरी कायम झाला नव्हता, आणि जुलैअखेर त्याचा करार पुन्हा वरिष्ठांपुढे जायचा होता.

पुढच्या सोमवारी चौकशीची बैठक झाली. अशा बैठकीत कोणाचेही नाव घ्यायचे नाही, दोष माणसात न शोधता व्यवस्थेत शोधायचा, असा दंडक होता. अहवालातही नावे नसत, हुद्दे असत. ग्लेनिसला हे सोंग वाटे. तिघांच्या चमूत ‘हाकेवरचा अभियंता’ म्हटले की कँटीनमधली बाईसुद्धा नाव सांगू शकेल.

बुधवारी सकाळी फेलेटीच्या अहवालाची एकोणीस पाने तिच्याकडे आली, आणि बारापर्यंत एक पान हवे होते. मूळ कारणाची चौकट तिने मन लावून लिहिली: “स्मरणपत्रे बंद टपालपेटीकडे जात होती. पद रद्द करताना त्या पदाची कामे कोणाकडे गेली हे तपासले गेले नाही.” दुसरे वाक्य लिहिताना तिला सुख झाले. उपायांत सामाईक टपालपेटी, नोंदवही, प्रत्येक प्रमाणपत्राला दोन जबाबदार माणसे आणि मुदतीची आपोआप तपासणी. मग वेळापत्रक. त्यातल्या बहुतेक ओळी फेलेटीच्या टिपणांतून आल्या. एक ओळ मात्र परिशिष्टातून आली. दुव्यावर बाहेरून नजर ठेवणाऱ्या कंपनीच्या पत्रात म्हटले होते, “मंगळवार, ००:०४, दुवा प्रतिसाद देत नाही.” ग्लेनिसने ती ओळ उचलली आणि ‘दुवा प्रतिसाद देत नाही’ हे शब्द वरिष्ठांना जड जातील म्हणून सवयीने सोपे केले. पान असे दिसू लागले:

मध्यरात्री १२:०४: बिघाडाचा इशारा आला.
सकाळी १०:००: निकाल थांबले.
सकाळी १०:१९: हाकेवरच्या अभियंत्याने काम सुरू केले.
दुपारी १:४०: निकाल पुन्हा सुरू झाले.

बाराला पाच कमी असताना तिने पान पाठवले आणि डब्यातले सँडविच उघडले.

शुक्रवारी फेलेटी जिन्याखाली आला. त्याच्या हातात तेच पान होते.

“ग्लेनिस, मी काय तुझं घोडं मारलंय?”

“बस आधी. काय झालं?”

“करार वाढवत नाहीत. फिलिपा म्हणाली, ‘दहा तास आधी इशारा मिळूनही ढिम्म बसणारा माणूस आम्हाला परवडत नाही.’ मी म्हटलं, कसले दहा तास? तर तिने हे पान पुढे सरकवलं.”

“मग? इशारा आलाच होता ना?”

“आला होता गं! दहा वाजून चार मिनिटांनी. सकाळी!” त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. “ही वेळ बघ. पंधरा मिनिटांत मी कामाला बसलो होतो. मध्यरात्री मी झोपलो होतो हे खरं, पण दुवासुद्धा ठणठणीत होता. चालू असलेला दुवा तुटल्याचा इशारा कोण देईल, भूत?”

ग्लेनिसने परिशिष्ट उघडले. पत्राच्या तळाशी, जिथे कोणी वाचत नाही त्या बारीक अक्षरांत, लिहिले होते की सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार आहेत. हिवाळ्यात लॉन्सेस्टन तिच्या दहा तास पुढे असते. तिथली मध्यरात्र ही इथली सकाळ. नऊ वर्षांत तिने अशा शेकडो वेळा बदलून लिहिल्या होत्या. आणि मूळचे शब्द तिने तसेच राहू दिले असते, तर दुवा तुटण्याआधी दहा तास तुटल्याची बातमी कशी आली, हे कोणा एकाच्या तरी लक्षात आले असते. तिने ते सोपे केले होते.

“माझी चूक,” ती म्हणाली. हे शब्द तिने या इमारतीत पूर्वी कधी उच्चारले नव्हते.

“ते कळलं मला,” फेलेटी म्हणाला. “तू मुद्दाम करणारी नाहीस. मुद्दाम करायचं असतं तर आधी त्या वरच्यांचं केलं असतंस.”

ती तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. फिलिपाने तिचे ऐकून घेतले. ऐकून घेण्याचे तिने प्रशिक्षण घेतले होते.

“बरं झालं सांगितलंस, ग्लेनिस. दुरुस्त प्रत फाईलला लावून टाक.”

“फाईलला लावून काय होणार? त्याचा करार वाढवा.”

“निर्णय एका घटनेवरून होत नसतो.”

“त्याला तुम्ही सांगितलंत त्या कारणात एकच घटना आहे. माझ्याच पानातली.”

फिलिपाने चष्मा काढला. “हे बघ, प्रमाणपत्राची मुदत तर संपलीच होती ना? कोणी तरी बघायला हवं होतं.”

“रोझलिन बघायची. तिला तुम्ही काढलंत. मूळ कारणाच्या चौकटीत लिहिलंय मी ते, ठळक अक्षरांत.”

“ती चौकट जरा... भाष्य केल्यासारखी वाटली सगळ्यांना. वेळापत्रक कसं स्वच्छ होतं.”

म्हणजे चार चौकटींतली खरी होती ती भाष्य ठरली, आणि खोटी होती ती स्वच्छ.

“आणि तो गेल्यावर उपाय कोण करणार? नोंदवही त्याच्याशिवाय कोणाला जमतेय?”

“नवा माणूस येईल. तुला एवढंच वाटत असेल तर चूक तुझी होती असं लेखी दे. मी पुढे पाठवते.” आणि मग, अगदी मऊ आवाजात, “पण दोनदा विचार कर. ऑक्टोबरमध्ये तुझ्याही विभागाचा आढावा आहे.”

ग्लेनिसने दोनदा विचार केला. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याखाली येईपर्यंत तेवढा वेळ मिळतो. मग तिने आयुष्यातला सर्वांत नीट अहवाल लिहिला. एकच पान, चारच चौकटी.

वेळापत्रकात तिने दोन्ही वेळा शेजारी शेजारी मांडल्या, जागतिक आणि स्थानिक, आणि इशाऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे दिले. मूळ कारणात लिहिले: “सारांश लिहिणाऱ्या व्यक्तीने एक वेळ न बदलता उतरवली. सारांश पाठवण्यापूर्वी तो मूळ अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्याला दाखवण्याची पद्धत नाही. एका पानाच्या मर्यादेमुळे वाचणाऱ्यांपैकी कोणीही मूळ अहवाल उघडला नाही.” परिणामात लिहिले: “पंधरा मिनिटांत कामाला लागलेल्या अभियंत्याने दहा तास दुर्लक्ष केले असे मानले गेले आणि त्याचा करार वाढवण्यात आला नाही.” उपायांत पहिला होता करार वाढवणे, दुसरा, प्रत्येक सारांशावर अभियंत्याची मान्यता घेणे, तिसरा, प्रत्येक वेळेपुढे ती कुठली हे लिहिणे. ‘सारांश लिहिणारी व्यक्ती’ हे शब्द खोडून तिने स्वतःचे पूर्ण नाव घातले. दंडक मोडला, पण सारांश लिहिणारी ती एकच होती, लपवणार कोणापासून?

दहा दिवसांनी उत्तर आले. प्रांजळपणाबद्दल वरिष्ठांनी तिचे आभार मानले होते. तिसरा उपाय तात्काळ मंजूर झाला होता. दुसऱ्याचा अभ्यास होणार होता. यापुढे सारांश जनसंपर्क विभाग लिहील आणि ग्लेनिस त्यांना ‘सहकार्य’ करील, असेही त्यात होते. पहिल्या उपायाबद्दल अक्षर नव्हते.

ती फिलिपाला जिन्यात गाठून म्हणाली, “पहिल्याचं काय?”

“तो कर्मचारी विभागाचा प्रश्न आहे, अहवालाचा नाही.”

“काढताना अहवालाचा होता.”

“ग्लेनिस, प्लीज,” फिलिपा म्हणाली आणि वर गेली.

फेलेटीच्या शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी केक आणला होता. त्याच्या बायकोने घरून नारळाच्या दुधात शिजवलेले अळूच्या पानांचे टोंगन ‘लू’ पाठवले होते. ते केकच्या आधी संपले. फेलेटीने आपले कॉफीचे मग खोक्यात भरले आणि तो जिन्याखाली आला. त्याला डेव्हनपोर्टला काम मिळाले होते, एका गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात, कमी पगारावर. मुलीची शाळाही बदलावी लागणार होती.

“तुला हे द्यायचं राहिलं होतं,” म्हणत ग्लेनिसने दुसऱ्या अहवालाची प्रत पुढे केली.

त्याने ती उभ्यानेच वाचली, वरपासून खालपर्यंत, सावकाश, एखादी आज्ञावली तपासावी तशी.

“एक चूक नाही,” तो म्हणाला. “पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिलंयस.”

“हं.”

“वाचलं का कोणी?”

“आत्ता तू.”

त्याने पानाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खोके उचलले. दार उघडायला त्याचा हात मोकळा नव्हता, म्हणून ग्लेनिस उठली आणि तिने दार धरून ठेवले.