सोमवारची बैठक अकरावरून चारवर

दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगणं ही सत्तेची फार जुनी रीत आहे. राज्य बदललं की आधी कालगणना बदलते. आमच्या मराठवाड्यात निजामाच्या काळात फसली वर्ष चालायचं, त्यामुळे जुन्या कागदांवरची तारीख वाचायला आजही जाणकार माणूस लागतो. अधिकार हातात आला की माणसाला सूर्याच्या कामातही थोडी सुधारणा करावीशी वाटते. आमच्या नांदेडच्या साहेबांनी सोमवारची आढावा बैठक सकाळी अकरावरून दुपारी चारवर नेली, त्यामागे हाच ऐतिहासिक क्रम असावा. तसं पाहिलं तर पुण्याच्या मुख्य कार्यालयानं आपली बैठक सोमवारी अकराला ठेवली होती आणि साहेबांना तिला बसावं लागणार होतं, इतकंच.

आमचा व्यवसाय दुधाचा. गावोगाव संकलन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर एक सचिव आणि केंद्रांच्या एकेका मार्गावर एक पर्यवेक्षक. मी लातूरच्या कार्यालयात समन्वयक होतो. समन्वयक म्हणजे वरचा निर्णय खाली पोचवणारा आणि खालची नाराजी आपल्या पोटात ठेवणारा माणूस. साहेब नांदेडला बसत आणि बैठकीत पडद्यावर दिसत. महसूल आयुक्तालय लातूरला की नांदेडला, हा वाद ज्या दोन शहरांनी वर्षानुवर्षं जपला, त्यांपैकी एकातून निघालेला हुकूम दुसऱ्यात कसा घेतला जातो, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको.

अकराच्या वेळेला कारण होतं. जनावर दोन वेळा दूध देतं, आणि आमचं सगळं काम त्या दोन धारांभोवती फिरतं. सकाळचं संकलन आटोपून, कॅन गाडीत चढवून पर्यवेक्षक मंडळी लातूरला यायची, बैठक करायची, जेवायची आणि संध्याकाळच्या संकलनाला परत मार्गावर पोचायची. यातलं जेवण महत्त्वाचं. बैठकीत आमच्याकडे कोणी काही बोलत नसे. साहेब विचारत, "काही अडचण?" सगळे म्हणत, "नाही सर." पडदा बंद झाला की डबे उघडत, आणि मग कुठल्या केंद्राचं यंत्र बिघडलंय, कुठल्या गाडीचा चालक वाटेत तासभर थांबतो, कोण सोडून चाललंय, ते सगळं भाकरीबरोबर बाहेर येई. मी ते ऐकायचो आणि संध्याकाळी साहेबांना कळवायचो. साहेबांची समजूत अशी, की ते त्यांना बैठकीत कळलं.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "चारला बसलो तर संध्याकाळचं संकलन?"

"केंद्रावर सचिव असतो ना? दूध तो घेतो. पर्यवेक्षकाचं तिथं काय काम?"

कागदावर ते बरोबर होतं. मी व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना टाकली: "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, कामकाजाच्या सुलभतेसाठी साप्ताहिक आढावा बैठक पुढील सोमवारपासून सकाळी अकराऐवजी दुपारी चार वाजता होईल. कृपया नोंद घ्यावी." एकामागोमाग एक जोडलेले हात आले. आमच्या गटावर अंगठा आला तर होकार समजायचा. जोडलेले हात म्हणजे वाचलं, मान्य नाही, वाद घालायचा नाही.

येत्या सोमवारची, जुन्या वेळेची एक बैठक अजून शिल्लक होती. ती झाली, साहेबांनी विचारलं, सगळे "नाही सर" म्हणाले, पडदा बंद झाला आणि डबे उघडले.

पहिले बोलले कंधारचे चाचा. सगळ्यांत जुने पर्यवेक्षक, वडील किल्ल्याजवळ घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे वेळ या विषयावर आपलाच पहिला हक्क आहे असं ते मानत. "सर, मजकूर झकास लिवलाय. फक्त सुलभता कोणाची, ते लिवायचं राहून गेलं."

"चाचा, वरून आलंय."

"वरून तर पाऊस बी येतो. त्याची निदान चाहूल लागते."

मुरुडच्या अण्णांचा सोमवारचा उपवास असे. ते भगरीचा डबा बाजूला सारून म्हणाले, "मला काय, मुरुड जवळ हाय. मी पोचतो कसाबी. ह्या ताईंचं बघा."

जळकोटच्या ताई डबा न उघडता बसल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला तिखट, स्कूटीवरून सगळा मार्ग फिरणाऱ्या. जळकोटच्या अलीकडं एका गावात त्यांनी नवं केंद्र उभं केलं होतं. त्या गावात आधी दुसऱ्याच एका संकलकाची गाडी यायची, आणि बायकांचा अनुभव असा होता की दूध तेच, म्हैस तीच, फॅट मात्र दरवेळी घसरलेला. दुधाचा दर फॅटवर ठरतो, आणि फॅट यंत्र सांगतं. ताईंनी एकच केलं होतं. यंत्राचं तोंड सचिवाकडून फिरवून रांगेकडं केलं. जिचं दूध, तिनं आकडा वाचायचा. जिला वाचता येत नाही, तिला मागची वाचून दाखवायची. ताई दोन्ही वेळा तिथं उभ्या राहत, आणि गाव हळूहळू आमच्याकडं वळलं होतं. जुनी गाडी मात्र अजून रोज येऊन वेशीत थांबायची.

"सर," ताई म्हणाल्या, "सोमवारी सांजच्याला मी तिथं नसले तर दूध त्या गाडीत जाईल. एकदा गेलेलं दूध वापस येत न्हाई. केंद्र बंद पडंल माझं."

"हे आत्ता बैठकीत का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चुकून परगावच्या बसमध्ये चढलोय. "बैठकीत सांगायची गोष्ट हाय का ही?"

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, एका केंद्रासाठी सगळ्या विभागाची वेळ ठरत नसते, आणि माणसांना बदल आवडतच नाही, सवय होते. दोन्ही विधानं खरी होती आणि दोन्हींचा उपयोग नव्हता.

पहिली चारची बैठक झाली. साहेब पडद्यावर प्रसन्न होते. "वेळ सगळ्यांना सोयीची आहे ना?"

"हो सर," ताई म्हणाल्या. सगळेच म्हणाले. मग साहेब शिस्त या विषयावर बोलले. सुटलो तेव्हा जळकोटला अंधार पडायच्या आत पोचणं शक्य नव्हतं. डबे नव्हते, त्यामुळे कोणी काही बोललंही नाही. जिना उतरताना चाचा तेवढं म्हणाले, "लई सुलभ झालं."

दुसऱ्या दिवशी रात्री ताईंचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून मला काळजी वाटली. सोमवारी संध्याकाळी सचिवानं यंत्राचं तोंड पुन्हा आपल्याकडं फिरवलं होतं. त्यात लबाडी नव्हती. पडद्यावर उन्हाची तिरीप येते आणि आकडा दिसत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं, आणि तीन घरांचं दूध वेशीतल्या गाडीत गेलं. ताईंनी यंत्र परत फिरवलं, ऊन अडवायला पोतं बांधलं. ती तीन घरं मंगळवारी संध्याकाळीही आली नाहीत.

"पुढच्या सोमवारी मी फोनवरून बसते बैठकीला," ताई म्हणाल्या. "नियमात हाय का तसं?"

साहेब स्वतःच नांदेडहून पडद्यावर बसत, त्यामुळे नियमात नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी त्यांना लिंक पाठवली.

दुसरी चारची बैठक. सुरुवातीला ताई पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत व्यवस्थित दिसत होत्या. साहेब वेळेच्या नियोजनावर बोलत होते आणि ते लांबत गेलं. मग चौकटीतून ताई नाहीशा झाल्या आणि पत्र्याचं छत दिसू लागलं. फोन यंत्राशेजारच्या फळीवर गेला होता. बादली टेकल्याचा आवाज आला, कॅनमध्ये दूध ओतल्याचा आला, यंत्र वाजलं.

"कोणाचा माइक चालू आहे, बंद करा," साहेब म्हणाले.

"सर, हात ओले हायत," पत्र्याच्या छतातून ताईंचा आवाज आला. "या मावशी, बघा आकडा. किती हाय?"

"सहा आन् पुढं दोन," एक बाई म्हणाली.

"मोठ्यानं वाचा, मागं ऐकू जाऊ द्या."

साहेबांनी नियोजन पुढं चालू केलं. त्यांच्या वाक्यांच्या मधे मधे फॅटचे आकडे येत राहिले. अण्णा खिडकीकडं बघत होते. वेशीतल्या गाडीचा भोंगा वाजला, तोही आम्ही ऐकला. मग एक नवा आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

"कोण बोलायलंय गं यात?"

"आमचे साहेब हायत, नांदेडचे. बैठक चालू हाय."

"आता? धारंच्या टायमाला?" बाई खरोखरच चकित झाली होती. "त्यांच्याकडं जनावर न्हाई का?"

मी साहेबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो रागावलेला नव्हता. त्यांनी हातातला नियोजनाचा कागद बाजूला ठेवला आणि ते ऐकू लागले. रांग पुढं सरकत होती, आकडे वाचले जात होते.

"आज एवढंच," ते म्हणाले. "ताई, तुमचं चालू द्या."

रात्री त्यांचा निरोप आला. बैठक पूर्ववत अकराला ठेवावी, पुण्याची बैठक असल्यामुळे ते स्वतः उपस्थित राहू शकणार नाहीत, वृत्तांत पाठवावा. सूचनेत 'सदस्यांच्या मागणीनुसार' असं लिहायला त्यांनी सांगितलं. मागणी कोणी केली नव्हती, पण मी लिहिलं. यावेळी अंगठे आले. चाचांनी तेवढे हात जोडले. मी विचारलं तर म्हणाले, "एवढ्यात खुश न्हाई व्हायचं, सर. अजून एक सोमवार जाऊ द्या."

तो गेला, पुढचाही गेला. डबे परत आले आणि त्यांच्याबरोबर बिघडलेली यंत्रं आणि थांबणारे चालकही. ताईंच्या केंद्रावर गेलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली. तिसरं आलं नाही. ते त्याच बाईचं होतं, जिनं साहेबांना जनावर नाही का म्हणून विचारलं होतं. त्या सोमवारी ती केंद्रावर आली होती ती नुसती बघायला.

मला ते लागून राहिलं. विश्वास एकदा तडकला की सूचनेनं सांधता येत नाही, कार्यालयात बसून आपण वेळेचा एक आकडा बदलतो आणि दूर कुठंतरी एक दार कायमचं बंद होतं, असं बरंच काही माझ्या मनात जमा झालं होतं. साहेबांना पाठवायच्या वृत्तांतात त्यातली दोन वाक्यं मी लिहूनही टाकली होती. पाठवण्यापूर्वी खात्री करावी म्हणून जेवताना ताईंना विचारलं, की ती तिसऱ्या घरची बाई अजून त्या गाडीलाच दूध घालते का.

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"न्हाई सर," त्या म्हणाल्या. "तिची म्हैस आटली."