गाळलेली ओळ

e ही संख्या अपरिमेय आहे, याची सिद्धता शिकवताना कॉलेजातल्या गणिताच्या बाई दरवर्षी मुद्दाम एक ओळ गाळत आणि कोण पकडतं ते बघत. यंदा परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून सगळं सरळ लिहायचं त्यांनी ठरवलं होतं.

“समजा e म्हणजे p/q, p आणि q धन पूर्णांक. e ची मालिका 1 + 1/1! + 1/2! + … अशी; तिला q! ने गुणलं की 1/q! पर्यंतची पदं पूर्णांक होतात. e गुणिले q! सुद्धा पूर्णांक. म्हणजे उरलेल्या पदांची बेरीजही पूर्णांक हवी. पण ती 1/q पेक्षा लहान, म्हणजे एकापेक्षा लहान. झाला विरोधाभास.”

मागच्या बाकावरची मुलगी उठली. “बाई, शून्यही एकापेक्षा लहान पूर्णांकच आहे की. उरलेलं प्रत्येक पद धन आहे, म्हणून बेरीज शून्य नाही, हे राहिलं.”

वर्ग हसला. बाईंचा सापळा सगळ्यांना ठाऊक होता. बाईंनी मान डोलावून खडू तिच्या हातात दिला. ओळ गाळायची सवय हाताला इतकी जडली होती, की यंदाही ती ओळ गळाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

स्टाफरूममध्ये सहकाऱ्याने विचारलं, “काय, यंदा कोण सापडलं?”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “मीच.”