'नको' आधी म्हणायचं

लेकीचे पप्पा फ्रान्सला गेले तेव्हा ती रांगत पण नव्हती. वाळूजच्या कंपनीनं पाठवलं, म्हणले घर मिळालं की तुम्हाला नेतो. मी उस्मानपुऱ्याच्या खोलीत, माहेर लासूर स्टेशनला, आई अधूनमधून यायची तेवढीच. घर मिळालं पण ते एका म्हातारीच्या वरच्या मजल्यावर, आणि ती म्हणे, तुझी बायको दिवसभर घरात एकटी राहणार, काही झालं तर मला सांगता आलं पाहिजे तिला. आधी मी तिच्याशी फोनवर बोलते, मग खोल्या देते.

मी दहावी नापास, ते पण इंग्रजीत. मला धडकीच भरली.

जवळच एक मॅडम हॉलमध्ये फ्रेंचचा क्लास घ्यायच्या. सगळी कॉलेजची पोरं, आणि मी लेकीला मांडीवर घेऊन मागं भिंतीला. नावं, भाज्या, आकडे कसेबसे जमले. मग आलं 'दे' आणि 'देऊ नको', तिथं माझं गाडं अडलं.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं. 'दॉन-ल-म्वा', म्हणजे मला ते दे. मी वहीत मराठीत उतरवलं. दॉन म्हणजे दे, ल म्हणजे ते, म्वा म्हणजे मला. आधी दे, मग ते, मग मला, मध्ये बारक्या रेघा. ठीक. पण देऊ नको म्हणायचं तर 'न म ल दॉन पा'. पुढं 'न', शेवटी 'पा', दोन्ही मिळून नको. म्वाचं 'म' झालं, ते उडी मारून पुढं आलं, 'ल'च्या पण पुढं!

"मॅडम, हे असं का हो पळतंय?"

"अगं, 'दॉन' ही आई समज. हो म्हटलं की लेकरं आईचा पदर धरून मागं चालतात. नको म्हटलं की आईच्या पुढं पळतात, आणि 'म' सगळ्यात पुढं. आणि 'तिला' म्हणजे 'लुई'. त्याला पण लुईच. लुई मात्र दोन्हीकडं 'ल'च्या मागंच राहतो."

मी वाचलं तर बरोबर यायचं, तोंडानं म्हणलं की चुकायचं. दर वेळी मी 'दॉन-ल-म्वा' म्हणायची आणि शेवटी पा लावायची. मराठीत नको शेवटीच येतं ना. शेजारी बसणारी पोरगी खिदळायची, "ताई, तुमचं नको येईपर्यंत समोरचा देऊन मोकळा होईल की!"

घरी मी एकटी, बोलायला कुणी नाय. लेकीच्या हातातला चमचा धरून म्हणायची, दॉन-ल-म्वा. ती द्यायची नाय. मोठ्या माणसाला 'दोने' म्हणायचं, ते मी दाराला म्हणायची. दार काय बोलतंय?

एका रविवारी फोन आला, व्हिडिओ. हे मागं उभे, पुढं म्हातारी, पांढरे केस, चष्मा. बोंझूर झालं, नाव झालं, लेकीचं वय झालं. मग तिनं एक बिस्किट फोनसमोर धरलं, लेकीकडं बघून हसली.

"ज ल लुई दॉन?" हे मी तिला देऊ?

तिच्या मनात होतं, आल्यावर देईन, रोज देईन. पण बिस्किटावर शेंगदाण्याचे तुकडे. लासूरला लेकीनं शेंगदाण्याच्या लाडूचा एक घास खाल्ला होता, तर ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला, दवाखान्यात पळालो होतो.

"दोने-ल-लुई..."

'तिला ते द्या' एवढंच ऐकून म्हातारी खूश. "दाकॉर!" म्हणजे बरं बरं.

"...पा!" मी म्हणलं, पण कोण ऐकतंय, ती बिस्किट खाली ठेवून यांच्याशी बोलायला लागली पण होती.

हे पण हसत होते. मी ओरडलेच.

"नों! न ल लुई दोने पा! न ल लुई दोने पा!" आणि ओठावर बोट ठेवून गाल फुगवले, घसा धरला.

म्हातारीनं चष्मा वर केला. यांना काहीतरी विचारलं, यांनी समजावलं. मग तिनं बिस्किटाचा पुडा उचलला, उठून कुठंतरी लांब ठेवून आली, आणि परत बसून हळूच म्हणली, "न ल लुई दोने पा." मान हलवली. तेच परत म्हणली, लक्षात ठेवायला म्हणतात तसं.

यांना काहीतरी सांगितलं.

"अगं, खोल्या दिल्या म्हणते," हे म्हणले. "म्हणते, ही सांगू शकते."

"व्हय?"

"व्हय. तिकीट बघतो. आता शिफ्टला जायचंय, ठेव."

फोन बंद झाला. मी तशीच फरशीवर बसले. वाटलं कुणाला तरी सांगावं. आईला फोन लावला, ती शेतात, उचलला नाय. शेजारच्या वहिनींच्या दाराला कुलूप. लेक पांघरुणाशी खेळत होती. तिला म्हणलं, "आपल्याला न्यायला लागलेत गं." तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत पांघरुणात तोंड घातलं. मग मी उठून भात टाकला. जायचं म्हणजे तिथं पण दिवसभर अशीच खोली, फक्त खाली एक म्हातारी, आणि तिला काय म्हणायचं ते प्रत्येक वेळी आधी मनात नीट लावून घ्यायचं.